बिरागोची लेन्स आणि राणीआईंचं माप

कुमासी शहरातल्या आसाफो भागात कुणी रस्त्यावर उलटं चालताना दिसलं की लोक ओळखायचे, ही बिरागो. डोळ्याला कॅमेरा, तोंडाने "हलू नका, हलू नका", आणि पाय मागे मागे. केळीवालीच्या टोपलीला धक्का, टॅक्सीवाल्याच्या शिव्या, पण बाई थांबायची ती तिला हवी तिथेच. त्या जागेवरून एक वीतसुद्धा पुढे नाही की मागे नाही.

याचं कारण तिची लेन्स. पंच्याऐंशी मिलिमीटरची, एकाच मापाची. ना ती जवळ येणार, ना लांब जाणार. जे काय जवळ-लांब व्हायचं ते माणसाने आपल्या पायांनी व्हायचं. आजकाल सगळ्यांकडे झूम असते. जागेवर उभं राहायचं आणि लेन्सचं कडं फिरवायचं, की समोरचा माणूस आला जवळ. बिरागोला हा निव्वळ आळस वाटायचा, आणि तसं ती झूमवाल्यांच्या तोंडावर म्हणायची. त्यामुळे धंद्यातल्या मित्रांची संख्या बेताची होती. त्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं.

हे सगळं तिला शिकवलं मामाने. त्वुमासीमामाचा स्टुडिओ त्या भागातला सगळ्यात जुना. त्याला बहिणीचे दोन मुलगे होते आणि दोन मुली. रीतीप्रमाणे मामाचं सारं भाच्याकडे जातं, आणि भाचेही वाटच बघत होते. पण मामाने धंद्याच्या किल्ल्या दिल्या थोरल्या भाचीला, बिरागोला. घरात महिनाभर कुणी कुणाशी धड बोललं नाही. मामा फक्त एवढंच म्हणाला, "पोरांना दुकान हवंय. हिला फोटो हवाय."

तिचा पहिला धडा नारळांचा होता. मामाने एकसारखे दोन नारळ घेतले, एक पुढच्या बाकावर ठेवला, दुसरा मागच्या. म्हणाला, "जवळ जा आणि बघ." बिरागोने पाहिलं, तर पुढचा नारळ भोपळ्याएवढा आणि मागचा लिंबाएवढा. "आता मागे सर." ती सरली. "अजून." ती पार दाराबाहेर, गटाराच्या फरशीवर गेली. तेव्हा कुठे दोन्ही नारळ सख्ख्या भावांसारखे दिसायला लागले.

"कोणी केलं हे? लेन्सने?" मामाने विचारलं.

"नाही. मी मागे आले म्हणून."

"झालं तर. कोण मोठं दिसेल नि कोण लहान, हे तुझे पाय ठरवतात. लेन्स फक्त ठरवते की चौकटीत किती मावेल. एवढं विसरली नाहीस तर उपाशी मरणार नाहीस."

ती विसरली नाही. पुढे तिने अर्ध्या शहराची लग्नं, बारशी आणि मर्तिकं टिपली. चेहऱ्याचा फोटो काढताना ती नाकाजवळ कधी गेली नाही, कारण जवळून नाक वाढतं आणि कान पळून जातात. तिच्या फोटोतल्या बाया नेहमी म्हणायच्या, "यात मी माझ्यासारखी दिसते बाई." आरशापेक्षाही तिच्यावर लोकांचा विश्वास होता, आणि याचा तिला मनापासून अभिमान होता. असावाच. अभिमान लपवायचा असतो असं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

आफ्रिये तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. धंद्यात मावशीच्याच हाताखाली वाढली, आणि पहिली संधी मिळताच दोन झूम घेऊन आली. एक आखूड, रुंद दाखवणारी, आणि एक लांबडी, जिला बिरागो मुसळ म्हणायची.

"मावशी, तू एक फोटो काढायला रस्ता ओलांडतेस, तोवर माझे वीस होतात."

"वीस होतात ना? मग त्यातला एक तरी बरा येऊ दे."

"तुझ्या गुडघ्यांना विचार एकदा, ते कुणाच्या बाजूने आहेत."

"गुडघे माझे आहेत, माझ्याच बाजूने बोलतील. तू तुझ्या मुसळाने रात्रीच्या जेवणाला फुफू कांड."

भांडण असं रोजचं होतं आणि त्यात प्रेम भरपूर होतं. फक्त एकदा बिरागो खरोखर चिडली, ते धूसरपणावरून. एका मर्तिकाला आफ्रियेने लेन्सचं भोक पूर्ण उघडं ठेवून फोटो काढले. पुढे बसलेला कुळाचा प्रमुख असा लख्ख आला की पापणीचा केस मोजावा, आणि मागे उभे असलेले त्याचे भाऊ झाले लोण्यासारखे. आफ्रियेला ते सुंदर वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका भावाची माणसं दारात उभी. "आमच्या थोरल्याला धुरात का घातलंय? तो काय गेलेल्यांबरोबर गेला?" बिरागोने त्यांना बसवलं, पाणी दिलं, माफी मागितली, आणि सगळं कुटुंब पुन्हा बोलावून भोक बारीक करून फोटो काढून दिला. त्यात मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्याच्या अंगरख्याची वीणसुद्धा दिसत होती. मग ती भाचीला म्हणाली, "एकट्या माणसाचा चेहरा असेल तेव्हा मागचं मऊ कर, खुशाल कर. पण कुळ बसलंय तिथे मागे कुणी नसतं. तिथे सगळे पुढचेच."

अबेनासू गावच्या राणीआईंचा निरोप आला तो दोघींच्या असल्याच कुठल्यातरी वादात. निरोप घेऊन आले खुद्द ओच्यामे बोआदू. ओच्यामे म्हणजे राणीआईंची वाणी. राणीआईंशी कुणी थेट बोलत नाही. बोलायचं ते बोआदूंना, आणि ते सोन्याच्या मुठीची काठी धरून शब्द पुढे पोचवतात. माणूस चांगला थोराड आणि आवाजही तसाच. पण त्या दिवशी स्टुडिओतल्या खुर्चीवर ते अगदी अवघडून बसले होते.

"गेल्या वर्षीचा फोटो बघितलास?" त्यांनी विचारलं.

कसा बघणार? तो गावाबाहेर कुणालाच दाखवला नव्हता. बोआदूंनी पिशवीतून काढला. अंगण गर्दीने भरलं होतं म्हणून त्या फोटोग्राफरने रुंद लेन्स लावली होती आणि सगळे मावावेत म्हणून अगदी पुढे जाऊन काढला होता. सगळे मावले होते खरे. पण आसनाच्या पुढे, एका बाजूला बसलेले बोआदू डोंगराएवढे आले होते. त्यांचा गुडघाच राणीआईंच्या डोक्यापेक्षा मोठा. आणि मागे छत्रीखाली राणीआई आफ्राकोमा, खेळण्यातली बाहुली.

आफ्रियेने हसू दाबलं. बोआदूंनी ते पाहिलं.

"हस, बाई. सगळं गाव हसलंय. माझी बायको मला घरी राजेसाहेब म्हणते." मग आवाज खाली आणत ते म्हणाले, "दिवाणखान्यातल्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या राणीआया टांगल्यात. या आदाएच्या सणाच्या रविवारी आमच्या राणीआई पुन्हा आसनावर बसतील. त्यांची प्रकृती बघता यापुढे बसतील असं वाटत नाही. त्या म्हणाल्यात, या वेळीही मला बाहुली केलीत तर भिंतीवर माझी जागा मोकळी ठेवा. रिकामी भिंत चालेल, पण ते नको."

बिरागोने तो फोटो पुन्हा पाहिला. भिंतीवरच्या आधीच्या दोन राणीआया तिच्या मामाने टिपलेल्या होत्या. तिसऱ्या राणीआईंची जागा रिकामी राहिली तर ती कुणामुळे राहिली, हे कुणी सांगायची गरज पडणार नव्हती.

"मी येते," ती म्हणाली. आफ्रियेला वाटलं, मावशी थोडे आढेवेढे घेईल. पण बाईने तेवढंही केलं नाही.

आदल्या आठवड्यात जाऊन तिने अंगण पायाखाली घातलं. आसन कुठे, छत्री कुठे, ओच्यामे कुठे, मागे गावातल्या थोरल्यांची ओळ कुठे, सगळं विचारून घेतलं. मग नेहमीप्रमाणे उलटी चालत निघाली, थेट पलीकडच्या टोकाला, ढोलांच्या मांडवापर्यंत. तिथून पंच्याऐंशीत सगळे नीट बसत होते आणि बोआदूंच्या जागी ठेवलेली खुर्ची राणीआईंच्या आसनापेक्षा जेमतेम कणभर मोठी दिसत होती. तिने तिथे जमिनीवर खूण केली आणि समाधानाने घरी आली.

रविवारी पोचली, तर तिच्या खुणेवर मोठा तंबू उभा. पाहुण्यांसाठी ऐनवेळी घातलेला. ढोल सरकून मधोमध आले होते. फोटोवाल्यांना जागा दिली होती आसनाच्या समोर, अगदी जवळ, एका चटईवर. "इथून हलायचं नाही," पहारेकऱ्याने बजावलं. "राणीआई बसल्या की समोरून कुणी आडवं जायचं नाही. आणि पाठ तर मुळीच फिरवायची नाही."

शिंगं वाजली. राणीआई आल्या, लहान कापून काळेभोर केलेल्या केसांवर सोन्याची पट्टी, अंगावर केंटेचं रंगीबेरंगी विणीचं वस्त्र, दोन बाजूंनी धरलेले हात. त्या आसनावर बसल्या आणि तेवढ्या चालण्याने त्यांना धाप लागलेली सगळ्यांनी पाहिली. चपला काढून लोक वाकले.

बिरागोने कॅमेरा डोळ्याला लावला. त्या चटईवरून पंच्याऐंशीत मावत होता फक्त राणीआईंचा चेहरा आणि एक खांदा. सुंदर चेहरा होता, पण भिंतीवर नुसता चेहरा चालत नाही. थोरले हवेत, ओच्यामे हवेत, काठी हवी. त्याशिवाय ती कुणाचीतरी आजी.

"घे," आफ्रियेने आखूड झूम पुढे केली. "रुंद कर, सगळे येतात."

बिरागोने लावली, कडं फिरवलं. आले सगळे. पडद्यावर बोआदू पुन्हा डोंगर झाले.

"मग थोडी झूम आत घे ना," आफ्रिये कुजबुजली.

"आत घेतली तर बोआदू कापले जातील. लहान होणार नाहीत. कडं कितीही फिरव, पोरी, मी उभी आहे ती या चटईवरच. इथून त्यांचा गुडघा मोठाच आहे. डोळ्याने बघ, लेन्स बाजूला ठेव."

आफ्रियेने पाहिलं. खरंच होतं. आजवर शेकडो फोटो काढले, पण गुडघा असा तिने कधी नुसत्या डोळ्यांनी पाहिला नव्हता.

"मग आता?"

बिरागोने अंगणाच्या पार टोकाला पाहिलं. तंबूच्या बाजूने एक चिंचोळी वाट मोठ्या दरवाजापर्यंत जात होती, आणि त्याच्या अर्धवट उघड्या दारातून पलीकडचा रस्ता दिसत होता. त्या दरवाजातून आसन सरळ दिसत होतं. तिथून राणीआई, बोआदू आणि थोरले सगळे आपापल्या मापाचे दिसले असते. पण तिथल्या जागेला पर्याय नव्हता. दरवाजाच्या खांबांनी दोन्ही बाजू बांधलेल्या, मागे रस्त्यावर ट्रोट्रो गाड्या. पुढे यावं तर वाट बाजूला वळलेली आणि ढोल आड. म्हणजे एकच जागा, आणि पाय तिथे काहीच करू शकत नव्हते. तिथून पंच्याऐंशीत अर्धं अंगण, तंबू आणि लोकांची डोकी आली असती. नंतर कापून घेता येतं, पण भिंतीवरचे फोटो माणसाच्या उंचीचे. कापलेला तुकडा एवढा ताणला तर थोरल्यांचे चेहरे पिठाळ झाले असते.

तिने भाचीकडे हात पसरला.

"मुसळ दे."

आफ्रियेचा आधी विश्वासच बसला नाही. मग तिने पिशवीतून लांबडी झूम काढली. आयुष्यात एवढी मनापासून ती कधीच हसली नसेल. पण ती वेळ चिडवायची नाही हे तिला कळलं, आणि तिने लेन्स मावशीच्या हातात दिली.

बिरागोने चपला हातात घेतल्या, राणीआईंकडे तोंड ठेवून वाकली, आणि मागे मागे चालायला लागली. पाठ न फिरवता.

फोटोवाल्यांमध्ये खसखस पिकली. "बाई पळाल्या की काय!" तंबूतल्या पाहुण्यांनी माना वळवल्या. कुणी "श्श" केलं. पहारेकरी पुढे आला. आसनासमोरून निघून गेलेली बाई म्हणजे केवढा अपमान! बिरागोचा पाय दोरीला अडखळला, ती सावरली आणि मागे चालतच राहिली. तोंडावर घाम होता पण मान ताठ.

ढोल थांबले. राणीआईंनी हात वर केला होता. त्या काहीतरी पुटपुटल्या. बोआदूंनी कान दिला आणि काठी आपटली. त्यांचा आवाज अंगणभर घुमला.

"राणीआई विचारतात, ही कोण निघून चालली?"

बिरागो थांबली. मग तीही मोठ्याने बोलली, बोआदूंना उद्देशून, रीतीप्रमाणे.

"ओच्यामे, राणीआईंना सांगा, मी निघून चालले नाहीये. जितकं लांब गेल्यावर राणीआईंचं माप खरं दिसेल, तितकी लांब चालले आहे. चटईवरून तुम्हीच मोठे दिसता."

थोरल्यांच्या ओळीतून कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळेच. बोआदूंनी ते शब्द राणीआईंना सांगितले, स्वतःविषयीचे असूनही एक अक्षर न गाळता, आणि याबद्दल त्यांना मान दिला पाहिजे. राणीआईंचे खांदे हलले. त्यांनी पुन्हा हात उचलला.

"राणीआई म्हणतात," बोआदू गरजले, "तिला वाट द्या. दरवाजा उघडा. आणि तंबूची ती दोरी सोडा, नाहीतर बाई पडेल!"

दरवाजाची दोन्ही दारं उघडली. मधली माणसं दोन्ही बाजूंना सरली. बिरागो दरवाजाबाहेर रस्त्याच्या कडेला असलेल्या मोरीच्या फरशीवर जाऊन उभी राहिली. पाठीमागून ट्रोट्रोचा हॉर्न वाजला. आफ्रिये तिच्या मागे धावत आली, पाठ न फिरवण्याच्या नादात दोनदा पडता पडता वाचली. मग खांबाआड सरून तिने रस्त्याकडे तोंड केलं, दोन्ही हात पसरले आणि गाडीवाल्यांना ओरडून सांगितलं, "थांबा रे, राणीआईंचा फोटो आहे!"

मुसळ जड होतं. बिरागोने ते दरवाजाच्या खांबाला टेकवलं आणि कडं हळूहळू फिरवलं. तंबू बाहेर गेला, डोकी बाहेर गेली. छत्रीची झालर वर, काठीचं टोक खाली, डावीकडे बोआदू, मागे थोरल्यांची पूर्ण ओळ, आणि मधोमध राणीआई. पायांना जे जमलं नसतं ते कड्याने केलं, हे तिने त्याच क्षणी मनात मान्य केलं.

"मावशी, भोक उघडं ठेव," आफ्रियेने खांद्यावरून सुचवलं. "मागचे थोडे मऊ होतील. राणीआई उठून दिसतील."

"आणि थोरले?"

आफ्रिये थबकली. "नको. बारीक कर," ती स्वतःच म्हणाली.

बिरागोने भोक बारीक केलं. एवढ्या लांबून तेवढं पुरेसं होतं. बोआदूंच्या गुडघ्यापासून मागच्या ओळीतल्या शेवटच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे स्वच्छ झाले. तिने श्वास रोखला. राणीआईंनी मान सरळ केली, त्या एवढ्या लांबून थेट तिच्याकडे बघत होत्या. बिरागोने बटण दाबलं. आणखी काही काढले, पण हवा तो पहिलाच होता, हे तिला आतून कळलं.

फोटो छापून दोघी अबेनासूला घेऊन गेल्या तेव्हा सारे थोरले दिवाणखान्यात जमले होते. फोटो भिंतीला टेकवून ठेवला. प्रत्येकाने पुढे येऊन आधी स्वतःला शोधलं. सापडला. प्रत्येकाच्या सुरकुत्या जागच्या जागी. एकाने अंगरख्यावरचा डागही दाखवला आणि बायकोला दोष दिला. बोआदूंनी आपला गुडघा पाहिला. तो गुडघ्याएवढा होता. त्यांनी समाधानाने मोठा श्वास सोडला. "आता घरी राजेसाहेब नाही," ते म्हणाले.

राणीआईंना खुर्चीसकट पुढे आणलं. त्यांनी खूप वेळ पाहिलं. त्यांची नजर अधू झाली होती म्हणून त्या पुढे वाकल्या आणि बोट काचेवर न टेकवता चित्रातल्या सगळ्यांवरून फिरवलं. बोआदू, काठी, छत्री, थोरले. शेवटी स्वतः. त्या काय म्हणतात यावर आता ती भिंत रिकामी राहणार की भरणार हे ठरणार होतं.

त्या बोआदूंकडे वळून बोलतील म्हणून बोआदूंनी सवयीने कान पुढे केला. राणीआईंनी त्यांना हाताने बाजूला सारलं.

"मोठी केली नाहीस मला," त्या थेट बिरागोला म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू गेला. "मी आहे तेवढीच आहे. आणि माझी माणसंही आहेत तेवढीच आहेत."

उत्तर कुणाला द्यायचं, हेच बिरागोला कळेना. ओच्यामे तर बाजूला उभे होते.

"केवढी लांब गेलीस गं, एवढ्यासाठी," राणीआई म्हणाल्या आणि आपल्या शेजारची जागा थोपटली. "ये आता. जवळ बस."

आणि बिरागो, पाठ न फिरवता, पहिल्यांदाच पुढे चालत गेली.